एकाच मापावर दोन लेख : छिन सम्राटाच्या एकीकरणामागची शंभर वर्षं

शांघायच्या संग्रहालयात काशाचं एक छोटं चौकोनी माप आहे. एका बाजूला धरायला दांडा, आत जेमतेम दोनशे मिलीलिटर धान्य मावेल एवढी जागा. आपल्याकडच्या चिपट्या-मापट्यांच्या कुळातलंच ते. चिनी भाषेत या मापाला ‘शेंग’ म्हणतात. त्याच्या बाजूवर कोरलेला लेख इ.स.पू. ३४४ चा आहे. छिन राज्याचा मंत्री शांग यांग याने हे माप करवून घेतलं, आणि ‘त्सुन’ या लांबीच्या मापाने सोळा पूर्णांक एक पंचमांश घन त्सुन म्हणजे एक शेंग, असं त्यावर नोंदवलं आहे. तळावर दुसरा लेख आहे, तो इ.स.पू. २२१ चा. सम्राटाने सगळी राज्यं जिंकली, प्रजेला शांतता लाभली, आणि आता जी मापं एकसारखी नाहीत किंवा ज्यांच्याबद्दल शंका आहे ती सगळी एक करा, असा हुकूम त्याने आपल्या दोन मंत्र्यांना दिला, असं त्यात म्हटलं आहे.

दोन लेखांमध्ये १२३ वर्षांचं अंतर आहे, माप मात्र तेच. पहिल्या सम्राटाच्या एकीकरणाची गोष्ट समजून घ्यायची तर मला या भांड्यापासून सुरुवात करणं सगळ्यांत योग्य वाटतं. इ.स.पू. २२१ मध्ये नवं प्रमाण शोधलं गेलं नाही. एका राज्याचं जुनं प्रमाण सगळ्यांवर लागू झालं.

छिन हे पश्चिमेकडचं राज्य, वेइ नदीच्या खोऱ्यातलं. पूर्वेकडची राज्यं त्याला अर्धवट रानटी समजत. शांग यांगने इ.स.पू. ३५६ पासून तिथे जे बदल केले त्यांचा गाभा सरळ होता : राजाला धान्य आणि सैनिक हवेत, आणि मधल्या सरदारांच्या हाती काहीही राहू नये. घरं पाच-पाच आणि दहा-दहाच्या गटांत बांधली गेली आणि एकाचा गुन्हा दुसऱ्याने लपवला तर त्यालाही शिक्षा ठरली. पदवी जन्मावर नव्हे, रणांगणातल्या पराक्रमावर मिळू लागली. कर धान्यात घ्यायचा तर प्रत्येक तालुक्याचं माप सारखं हवं, नाहीतर गोळा करणारा मधल्यामध्ये खातो. ते चौकोनी माप या गरजेतून आलं. शांग यांग स्वतः इ.स.पू. ३३८ मध्ये मारला गेला, पण त्याची व्यवस्था राज्याने सोडली नाही.

यिंग चंग तेरा वर्षांचा असताना या तयार यंत्रणेचा राजा झाला. इ.स.पू. २३० मध्ये हान राज्य पडलं, मग चाओ, वेइ, छु, येन, आणि शेवटी इ.स.पू. २२१ मध्ये छी. दहा वर्षांत सहा राज्यं. त्याने ‘सम्राट’ हा नवा किताब घेतला आणि देशाचे ३६ प्रांत पाडून त्यांवर वंशपरंपरेचे सरदार न नेमता बदलीचे अधिकारी नेमले.

आता प्रश्न होता तो या अधिकाऱ्यांनी काम कसं करायचं याचा. १९७५ साली हुपेइ प्रांतात युनमंग इथे एक थडगं उघडलं, तेव्हा त्याचं उत्तर हाती आलं. शी नावाच्या एका कनिष्ठ अधिकाऱ्याला हजाराहून अधिक बांबूच्या पट्ट्यांसह पुरलं होतं, आणि त्यातल्या बऱ्याच पट्ट्यांवर छिनचे कायदे होते. मापांची तपासणी वर्षातून किमान एकदा झालीच पाहिजे, असं त्यात आहे. साधारण तीस किलोंच्या वजनात पाव किलो किंवा जास्त फरक निघाला, तर जबाबदार अधिकाऱ्याला एका चिलखताच्या किमतीचा दंड. फरक त्याच्या निम्म्यापासून पुढे असेल, तर एका ढालीचा. एक शेंगचं माप विसाव्या हिश्शाने, म्हणजे सुमारे दहा मिलीलिटरने चुकलं, तरी ढालीचा दंड होता.

हा दंड किती जड होता? दुसऱ्या एका पट्टीसंग्रहात ढालीची किंमत ३८४ नाणी आणि चिलखताची १,३४४ नाणी दिली आहे. सरकारी देणं अंगमेहनतीने फेडणाऱ्याची एका दिवसाची किंमत आठ नाणी धरत. म्हणजे एक ढाल अठ्ठेचाळीस दिवसांची, तर चिलखत १६८ दिवसांचं. छिनचे कायदे कठोर होते, हे सगळे सांगतात. नाक कापणं, चेहऱ्यावर गोंदणं, तट बांधायला जन्माची सक्तमजुरी, हे सगळं खरंच होतं. पण त्यांतली कितीतरी कलमं प्रजेवर नव्हे, तर कारकुनांवर रोखलेली आहेत, आणि मला तोच या राज्यकारभाराचा कणा वाटतो.

हे कायदे दूरवर पोचवायचे तर ते वाचता आले पाहिजेत. सहा राज्यांत एकच अक्षर वेगवेगळ्या रूपांत लिहिलं जाई. मंत्री ली स याच्या देखरेखीखाली छिनची अक्षररूपं प्रमाण ठरली. बोली त्याने एक झाल्या नाहीत. शिलालेखांसाठी डौलदार ‘लघुमुद्रा’ लिपी होती, पण कचेरीत कारकुनांची भरभर लिहायची, सरळ फटकाऱ्यांची लिपीच चाले. मापांवरचा हुकूमही असाच सगळीकडे गेला. पूर्वेकडे शानतुंगमध्ये सापडलेल्या मातीच्या मापांवर त्याची चाळीस अक्षरं ओल्या मातीत चार-चार अक्षरांचे दहा शिक्के दाबून उमटवली आहेत. प्रत्येक मापावर हाताने कोरत बसायला वेळ नव्हता.

कागदावरचं एकीकरण आणि प्रत्यक्ष यांत अंतर होतंच. अर्ध्या ‘लियांग’ वजनाचं गोल नाणं सर्वत्र चाललं, पण उत्खननात निघालेल्या नाण्यांची वजनं कमालीची वेगळी आहेत. कायदाही ते जाणून होता : चांगली-वाईट नाणी मिसळून घ्या, निवड करू नका, असं तो बजावतो. शीच्याच थडग्यात इ.स.पू. २२७ चं एक परिपत्रक आहे. तो भाग छुकडून जिंकून पन्नास वर्षं झाली होती, तरी प्रांताधिकारी तक्रार करतो की लोक अजून आपल्या जुन्या चालीरीतीच धरून आहेत आणि अधिकारी ते बघूनही गप्प बसतात. जिथे अर्धं शतक पुरलं नाही, तिथे नव्याने जिंकलेल्या राज्यांना दहा-बारा वर्षांत वळण लावायचं होतं. इ.स.पू. २१३ मध्ये खासगी ग्रंथ जाळण्याचा हुकूम निघाला, तो या घाईतूनच.

सम्राट इ.स.पू. २१० मध्ये वारला. पुढच्याच वर्षी सीमेवर पहाऱ्याला निघालेले नऊशे लोक पावसाने अडकले. उशिराला मृत्युदंड आहे असं म्हणत त्यांचे म्होरके चन शंग आणि वू क्वांग यांनी बंड पुकारलं, असं छिननंतर सत्तेवर आलेल्या हान घराण्याच्या काळातला इतिहासकार स्स-मा छ्येन सांगतो. युनमंगच्या पट्ट्यांत वेठीच्या कामाला उशिरा येण्याची शिक्षा मात्र वेगळी आहे : तीन ते पाच दिवस उशीर झाला तर फक्त कानउघाडणी, दहा दिवसांपर्यंत ढाल, त्यापुढे चिलखत, आणि पावसाने काम अशक्य झालं तर वेठच रद्द. सीमेवरच्या पहाऱ्याचा नियम याहून कडक असू शकतो, त्यामुळे एवढ्यावरून जुनी कथा खोटी ठरत नाही.

इ.स.पू. २०६ मध्ये बंडखोरांच्या हाती राजधानी श्येनयांग पडली. सैनिक खजिन्याकडे धावले. पुढे हान घराण्याचा मुख्य मंत्री झालेला श्याओ ह याने मात्र छिनच्या कचेऱ्यांतले नकाशे, कायदे आणि नोंदवह्या ताब्यात घेतल्या. इ.स.पू. १८६ चे हान कायदेही एका थडग्यात सापडले आहेत. त्यांतली पुष्कळ कलमं छिनच्या कायद्यांशी थेट जुळतात, आणि हान काळातला एक शेंगही सुमारे दोनशे मिलीलिटरचाच राहिला.