चिंचा, पण भिंती: असं का?

“शब्द स्त्रीलिंगी आहे अन् शेवटी ‘अ’ आहे, एवढं कळलं की अनेकवचन आपोआप निघते ना?”

नाही निघत. आमच्या वर्धेकडच्या वावरातलंच घ्या. चिंच आणि भिंत दोन्ही स्त्रीलिंगी, घडणही सारखी. तरी चिंचा म्हणतो आणि भिंती. चिंचेखाली बसतो आणि भिंतीला टेकतो. अर्थातही कारण सापडत नाही. बाहेरून आलेले शब्दही असेच दोन गटांत विभागले गेले: बँका, बँकेत, सायकली, सायकलीवर.

म्हणून शब्दांची रूपं अभ्यासणारे रूपशास्त्रज्ञ शब्दकोशातल्या नोंदीवरच गटाची खूण ठेवतात. ही खूण विशेषणाला दिसत नाही: मोठी चिंच, मोठी भिंत. लिंग वाक्यभर जाणवतं, गट फक्त त्या शब्दाच्या रूपांत.

पण मनमानी आहे ती शब्द कोणत्या गटात पडतो एवढीच. आत शिस्त आहे. ‘विहिरीत’ ऐकलं की ‘विहिरी’ न ऐकताही सांगता येतं, ‘वाटेत’वरून ‘वाटा’. मात्र ‘विहीर’ या एकट्या रूपावरून काहीच ठरत नाही. त्यामुळे लेकराला शब्द शिकवताना ‘चिंच, चिंचेला’ अशी जोडीच सांगावी, असं मला मनापासून वाटतं.