काट्याकडून पट्टीकडे: बुलेट चार्ट कुठून आला?

व्यवस्थापनाच्या डॅशबोर्डवर गोल डायल आले ते गाडीची नक्कल करत. गाडीत काटा शोभतो, कारण वेग क्षणाक्षणाला बदलतो आणि काटा चढतोय की उतरतोय एवढं ओझरत्या नजरेलाही कळतं. महिन्याची विक्री मात्र एकच, थांबलेला आकडा असते. तिथे विचारायचं असतं ते एवढंच: उद्दिष्टाला किती कमी पडलो?

या नकलेवरचं उत्तर माहिती-चित्रणाचे तज्ज्ञ स्टीफन फ्यू यांनी दिलं. २००६ च्या 'इन्फर्मेशन डॅशबोर्ड डिझाइन' या पुस्तकात त्यांनी बुलेट ग्राफ, म्हणजेच बुलेट चार्ट, सविस्तर मांडला. मागे एकाच रंगाच्या फिक्या-गडद छटांचे पट्टे (वाईट, ठीक, चांगलं), त्यांवर प्रत्यक्ष कामगिरीची बारीक पट्टी आणि उद्दिष्टाची, पट्टीला काटकोनात असलेली छोटी खूण. लाल-पिवळा-हिरवा त्यांनी मुद्दाम टाळला. लाल-हिरव्यातला फरक अनेकांना दिसत नाही. आकलनाचा आधार त्याहून जुना आहे. १९८४ मध्ये संख्याशास्त्रज्ञ विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल यांनी प्रयोगांतून दाखवलं की सामाईक मोजपट्टीवरचं स्थान माणूस कोनापेक्षा अचूक वाचतो.

उद्दिष्ट २५०, प्रत्यक्ष २३५, मोजपट्टी ० ते ३०० असं समजा. अर्धगोल डायलवर काटा १४१ अंशांवर आणि उद्दिष्ट १५० अंशांवर येतं. नऊ अंशांचा हा फरक एकट्या डायलवर दिसतो, हे मान्य करायला हवं. अडचण होते ती पाच विभाग शेजारी ठेवल्यावर: पाच डायल, पाच तिरपे काटे, आणि कोण किती मागे हे प्रत्येकाचा आकडा वाचूनच ठरवावं लागतं. २०० पिक्सेल रुंद आणि १०० पिक्सेल उंच अशा एका डायलच्या जागेत २० पिक्सेल उंचीचे पाच बुलेट चार्ट एकाखाली एक बसतात. पट्ट्यांची टोकं आणि उद्दिष्टाच्या खुणा यांच्यातली अंतरं मग नजर सरळ वरून खाली फिरवत वाचता येतात.

एक्सेलमध्ये तयार बुलेट चार्ट नाही, म्हणून लोक रचलेल्या स्तंभांवर दुय्यम अक्ष चढवून तो बनवतात. इथेच फसगत होते. छटा आणि उद्दिष्ट ० ते ३०० च्या अक्षावर, पण प्रत्यक्षाचा दुय्यम अक्ष आपोआप ० ते २५० झाला, तर २३५ ची पट्टी ९४ टक्के लांबीपर्यंत जाते. उद्दिष्टाची खूण मात्र ८३ टक्क्यांवरच राहते. हुकलेलं उद्दिष्ट ओलांडल्यासारखं दिसतं! आकडा कमी असूनही पट्टी खुणेपुढे गेली, की दोन्ही अक्षांची किमान-कमाल मूल्यं तपासून हाताने सारखी करावीत. पट्टीची सुरुवात शून्यापासूनच हवी. शून्य ठेवणं शक्य नसेल, तर फ्यू पट्टीऐवजी ठिपका वापरायला सांगतात, कारण तुटक अक्षावर लांबी खोटं बोलते.

खर्चासारख्या 'कमी तेवढं चांगलं' मोजमापात छटांचा क्रम उलटा लावायचा. आणि गेल्या बारा महिन्यांचा चढ-उतार बुलेट चार्ट सांगत नाही. त्यासाठी शेजारी छोटा रेषालेख लागतो.