खारं पाणी आणि पोटॅशियमचा फुगलेला आकडा

रावेरकडचे एक केळी बागायतदार ठिबकच्या विहिरीचं पाणी तपासायला घेऊन आले. पाण्यातून पालाश किती मिळतं ते कळलं, तर खतातून तेवढं कमी करायचा त्यांचा विचार होता. पाणी चवीलाच खारं. सोडियम ३०० पीपीएम निघालं. पोटॅशियम ९.२ पीपीएम आलं, आणि तो आकडा मला खटकला.

फ्लेम फोटोमीटरमध्ये पाण्याचा बारीक फवारा गॅसच्या ज्योतीत जातो. तापलेला पोटॅशियमचा अणू ७६६ नॅनोमीटरचा लालसर प्रकाश देतो आणि यंत्र तो मोजतं. पण पोटॅशियमचा बाहेरचा इलेक्ट्रॉन सैल असतो. ज्योतीत काही अणूंचा तो सुटतो, अणूचा आयन होतो, आणि आयन हा प्रकाश देत नाही. द्रावण जितकं पातळ, तितकं हे प्रमाण जास्त. शेजारी भरपूर सोडियम असेल तर त्याचेही इलेक्ट्रॉन ज्योतीत येतात, ते पोटॅशियमच्या आयनांना परत मिळतात आणि प्रकाश वाढतो. आमची प्रमाण द्रावणं निव्वळ पोटॅशियमची होती, पाण्यात मात्र सोडियम होतं. तुलनाच चुकली होती.

खात्रीसाठी ५ पीपीएम पोटॅशियमचं द्रावण लावलं, वाचन ५० आलं. त्यातच १००० पीपीएम सोडियम घातल्यावर ५८. पण नुसतं सोडियम लावलं तरी १ दिसत होता. हा फिल्टरमधून निसटलेला सोडियमचा पिवळा प्रकाश किंवा मिठातली पोटॅशियमची भेसळ. तो वजा केला, उरलेली ७ ची वाढ आयनीभवनाची. ही वजाबाकी लोक हमखास विसरतात.

मग प्रमाण द्रावणं नव्याने केली. ११० अंशांवर वाळवलेलं १.९०७ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड लिटरभर ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवलं की १००० पीपीएम होतं. ते दहापट पातळ करून २, ४, ६, ८, १० मिली वेगवेगळ्या १०० मिलीच्या फ्लास्कांत घेतलं. प्रत्येकात, आणि शून्याच्या फ्लास्कातही, १०,००० पीपीएम सोडियमचं द्रावण १० मिली घातलं. विहिरीच्या ५० मिली पाण्यातही तेवढंच घालून १०० मिली केलं. आता प्रमाणांत १००० आणि नमुन्यात ११५० पीपीएम सोडियम. इलेक्ट्रॉनांची आधीच रेलचेल असल्याने एवढ्या फरकाने वाचन जवळजवळ हलत नाही. शून्य याच सोडियमवाल्या फ्लास्कावर लावलं.

वाचन ४.० पीपीएम, दुपटीने ८.०. म्हणजे आधीचा आकडा सुमारे १५ टक्क्यांनी फुगलेला होता.

या फ्लास्कांतून सोडियम अर्थातच मोजता येत नाही. त्यासाठी मूळ पाणी वेगळं पातळ करावं लागतं. दोन्ही एकाच फ्लास्कातून हवे असतील, तर सोडियमऐवजी सिझियम क्लोराइड घालावं. सिझियम इलेक्ट्रॉन आणखी सहज सोडतं, पण ते महाग पडतं. सोडियमची पातळ द्रावणं काचेत साठवू नका, काचेतलं सोडियम त्यात उतरतं. आम्ही ती प्लास्टिकच्या बाटल्यांत ठेवतो.