मानेचा ताठरपणा आणि पाठीतील पाणी : मेनिंजायटिसच्या निदानामागचा इतिहास

जिवाणूजन्य मेनिंजायटिसची, म्हणजे जिवाणूंमुळे मेंदू व मज्जारज्जूभोवतीच्या आवरणाला आलेल्या सुजेची, शंका आली की मान तपासायची, केर्निग आणि ब्रुडझिन्स्की ही चिन्हे पाहायची, पाठीतील पाणी काढायचे आणि नंतर रुग्णाला सपाट झोपवून ठेवायचे, हा क्रम परिचारिकांच्या कित्येक पिढ्यांनी पाठ केला आहे. त्यातली प्रत्येक पायरी मात्र वेगळ्या काळात आणि वेगळ्या प्रकारच्या रुग्णांवरून ठरली. ती कोठून आली हे माहीत असले, तर तिच्यावर किती विसंबावे हेही कळते.

या आजाराच्या साथीचे पहिले नीट वर्णन 1805 मध्ये जिनिव्हात व्ह्यूस्यो यांनी केले. त्यानंतर बराच काळ रुग्णाकडे बाहेरून पाहण्यावाचून वैद्याच्या हाती काही नव्हते. सेंट पीटर्सबर्गचे व्लादिमीर केर्निग यांनी 1880 च्या दशकात एक गोष्ट टिपली. आडवा असताना ज्याचे पाय सरळ होतात, त्याच रुग्णाला पलंगाच्या कडेला बसवून गुडघा सरळ करू पाहिले तर पाय अर्ध्या वाटेत अडतो आणि तो बळाने सरळ करता येत नाही. आज आपण रुग्णाला उताणे झोपवून, मांडी काटकोनात उचलून हीच तपासणी करतो. केर्निग यांची मूळ पद्धत बसवूनच करण्याची होती. पुढे 1909 मध्ये पोलंडचे बालरोगतज्ज्ञ योझेफ ब्रुडझिन्स्की यांनी मानेचे चिन्ह सांगितले. एक हात छातीवर ठेवून धड उचलू द्यायचे नाही आणि दुसऱ्या हाताने डोके पुढे वाकवायचे. तसे करताना मुलाचे गुडघे व मांड्या आपोआप वर आल्या तर चिन्ह आहे असे समजायचे. दोन्हींमागचे कारण एकच आहे. सुजलेल्या आवरणावर आणि मज्जातंतूंच्या मुळांवर ताण आला की शरीर तो ताण स्वतःहून कमी करू पाहते.

येथे एक बाब सहसा निसटते. केर्निग आणि ब्रुडझिन्स्की यांच्या काळात प्रतिजैविके नव्हती आणि त्यांच्यासमोर येणारे कित्येक रुग्ण, विशेषतः क्षयजन्य मेनिंजायटिसची मुले, आजार बराच पुढे गेलेली असत. 2002 मध्ये मेनिंजायटिसचा संशय असलेल्या 297 प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा आजार सिद्ध झालेल्यांपैकी केवळ 5 टक्के रुग्णांत ही चिन्हे आढळली आणि मानेचा ताठरपणा 30 टक्क्यांत. यातील बहुतेकांचा आजार सौम्य होता, हे खरे. प्रत्यक्ष जिवाणूजन्य मेनिंजायटिसच्या 696 प्रसंगांचा डच अभ्यास 2004 मध्ये आला. त्यात मान 83 टक्क्यांत ताठ होती, पण ताप, ताठ मान आणि बदललेली शुद्ध ही तिन्ही लक्षणे एकत्र 44 टक्क्यांतच होती. त्यातच डोकेदुखी धरून चारपैकी किमान दोन लक्षणे मात्र 95 टक्के रुग्णांत होती. म्हणून चिन्ह मिळाले तर त्याला वजन द्यावे. मिळाले नाही म्हणून ‘मान मऊ आहे’ एवढे लिहून निश्चिंत होऊ नये. तान्ह्या बाळांत आणि वृद्धांत तर याची खबरदारी दुप्पट घ्यावी लागते, कारण बाळाची मान सैल असू शकते आणि वृद्धाची मान झिजेमुळे आधीच आखडलेली असते.

निदानाचा खरा निकाल मानेवरून पाठीकडे सरकला तो 1891 मध्ये. लंडनमध्ये एसेक्स विंटर यांनी क्षयजन्य मेनिंजायटिसच्या रुग्णांत दाब कमी करण्यासाठी पाठीतून नळी घातली. त्याच वर्षी कील येथील हाइनरिख क्विंके यांनी आत तार असलेली सुई वापरली, दाब मोजला आणि काढलेल्या द्रवातील साखर व प्रथिने तपासली. म्हणजे उपचार म्हणून सुरू झालेली क्रिया त्यांच्या हाती तपासणी झाली. 1887 मध्ये वाइक्सेलबाउम यांनी या आजाराचा एक जिवाणू, मेनिंगोकोकस, ओळखलेला होताच.

आजच्या वॉर्डात हे सारे कसे एकत्र येते ते एका काल्पनिक रुग्णावरून पाहू. 22 वर्षांचा तरुण, सकाळपासून ताप 39.2 अंश, असह्य डोकेदुखी, दोन उलट्या. हनुवटी छातीला टेकते, पण दुखून, केर्निग नाही. प्रश्नांना उत्तरे बरोबर देतो, मात्र महिना सांगताना चुकतो, म्हणून ग्लासगो कोमा स्केल 14. चारपैकी किमान दोन लक्षणे आहेत, म्हणून रक्ताचे कल्चर घेऊन प्रतिजैविकाचा पहिला डोस लगेच दिला जातो. पाणी काढण्यास उशीर होणार असेल तर डोस अडवून ठेवायचा नसतो. झटके, एका बाजूची कमजोरी किंवा खूप मंदावलेली शुद्ध असती तर आधी मेंदूचा स्कॅन लागला असता. रक्त पातळ करणारी औषधे, प्लेटलेट आणि सुई टोचण्याच्या जागेवरील जंतुसंसर्ग हे आधी पाहिले जाते.

परिचारिकेचे मोठे काम येथे स्थितीचे आहे. रुग्ण कुशीवर, गुडघे पोटाशी, हनुवटी छातीकडे आणि खांदे व कंबर पलंगाला काटकोनात. वरचा खांदा पुढे झुकला तर कणा पिळतो आणि सुई हाडाला लागते. कमरेच्या हाडांचे वरचे टोक जोडणारी रेषा चौथ्या कटिमणक्याजवळून जाते, त्याच्या वर किंवा खाली सुई जाते. प्रौढाचा मज्जारज्जू त्याच्या बराच वर संपतो. रुग्ण पाय थोडे सैल करून शांत श्वास घेत असताना दाब मोजावा, कारण घट्ट आवळून धरल्यास तो खोटा वाढतो. या तरुणाचा दाब पाण्याच्या स्तंभाच्या मापाने 30 सेंमी, पाणी गढूळ, साखर 24 मिग्रॅ प्रति डेसिलिटर. त्याच वेळी घेतलेली रक्तशर्करा 108 असल्याने प्रमाण सुमारे 22 टक्के, म्हणजे जिवाणूंकडे बोट दाखवणारे. रक्तातील साखर त्याच सुमारास मोजली नसती तर 24 हा आकडा अर्धवट राहिला असता. नळ्यांवर क्रमांक लिहून त्या तातडीने प्रयोगशाळेत जाव्यात, कारण उशीर झाल्यास पेशी फुटतात आणि मोजणी कमी येते.

नंतर सपाट झोपवण्याची प्रथा आली तीही कीलमधूनच. 1898 मध्ये आउगुस्ट बीअर यांनी पाठीतून भूल देण्याचा प्रयोग स्वतःवर करवून घेतला; सुई आणि पिचकारी नीट न जुळल्याने पाणी गळाले आणि पुढचे काही दिवस बसले की डोके दुखे, आडवे झाले की थांबे. द्रव गळाल्याचा अंदाज त्यांनी बरोबर बांधला होता. त्यावरून झोपवून ठेवल्यास डोकेदुखी टळेल असे मानले गेले, पण पुढच्या चाचण्यांत तसे दिसले नाही. फरक पडतो तो बोथट टोकाच्या बारीक सुईने आणि सुई काढण्यापूर्वी तार परत आत घातल्याने. शिवाय या तरुणासारख्या दाब वाढलेल्या रुग्णाला तासन्‌तास सपाट ठेवणे उलट घातक ठरू शकते. त्याचे डोके साधारण 30 अंश वर हवे.

निरीक्षणे पहिल्या तासात दर 15 मिनिटांनी, मग अर्ध्या तासाने. समजा सहा तासांनी नाडी 104 वरून 62 वर आली, ताप उतरला आणि रुग्ण ‘शांत झोपला’ आहे. तक्त्यावर हे छान दिसते. परंतु रक्तदाब 118/74 वरून 164/82 झाला असेल, श्वास अनियमित असेल आणि हाक मारल्यावर डोळे न उघडता दाबल्यावरच उघडत असतील, तर ती झोप नव्हे. मेंदूतील दाब वाढतो आहे आणि त्या क्षणी डॉक्टरांना बोलवायचे असते. बुबुळे दोन्ही बाजूंना सारखी आहेत का, पायांची हालचाल व संवेदना टिकून आहे का, लघवी होते का आणि दाबल्यावर न फिकटणारे जांभळे ठिपके त्वचेवर आले का, हेही प्रत्येक वेळी पाहावे लागते. सुईच्या जागेतून स्वच्छ पाणी झिरपत असेल, किंवा नंतरच्या दिवसांत बसल्यावर डोके दुखून आडवे झाल्यावर थांबत असेल, तर ते बीअर यांचेच दुखणे. पण आडवे झाल्यावरही न थांबणारी, तापासह वाढणारी डोकेदुखी वेगळी असते आणि तिची नोंद वेगळ्या ओळीत, वेळेसह करायची असते.