फेजपेक्षा न्यूट्रल जास्त गरम का होते?

“तिन्ही फेजवर लोड सारखा आहे, एमसीबी कधी पडत नाही, तरी डीबी उघडली की जळकट वास येतो.” कार्यालयाच्या इमारतींतून आम्हाला ही तक्रार बरेचदा येते. अशा वेळी आम्ही सर्वांत आधी न्यूट्रल तपासतो.

तिन्ही फेजवर सारखा लोड असला की न्यूट्रलमधले प्रवाह एकमेकांना खोडतात आणि तिथे जवळजवळ काहीच उरत नाही, असे आपण शिकलो. हीटर किंवा जुन्या पिवळ्या बल्बसाठी ते खरेच आहे. संगणकाचा पॉवर सप्लाय आणि एलईडीचा ड्रायव्हर मात्र वीज सलग घेत नाहीत. त्यांच्या आतला कपॅसिटर व्होल्टेज शिखरावर पोचले की तेवढ्यापुरता एक घोट घेतो आणि बाकीचा वेळ थांबतो. अशा टोकदार प्रवाहात ५० हर्ट्झच्या मूळ लहरीसोबत तिच्या पटीतल्या लहरी असतात. त्यांना हार्मोनिक म्हणतात. त्यांतली तिसरी, म्हणजे १५० हर्ट्झची, इथे महत्त्वाची.

तीन फेज एकमेकांपासून ६.६७ मिलिसेकंदांच्या अंतराने येतात. १५० हर्ट्झच्या लहरीचे एक आवर्तनही नेमके ६.६७ मिलिसेकंदांचेच असते. त्यामुळे दुसऱ्या फेजची तिसरी हार्मोनिक येते तेव्हा पहिलीची पुन्हा त्याच जागी आलेली असते. तिन्ही एका तालात पडतात आणि न्यूट्रलमध्ये खोडल्या न जाता त्यांची बेरीज होते. अगदी वाईट स्थितीत न्यूट्रलचा प्रवाह फेजच्या १.७३ पटींपर्यंत जाऊ शकतो.

आमच्याकडचे एक उदाहरण पाहा. एका मजल्याच्या डीबीवर फेजचे प्रवाह ४२, ३९ आणि ४१ अँपिअर होते. न्यूट्रलवर तीन-चार अँपिअर दिसायला हवे होते, दिसले ५८. आमच्या माणसाने क्लॅम्प मीटर हर्ट्झवर फिरवला, तर आकडा १५० आला. निदान तिथेच झाले, कारण लोड असमान असल्यामुळे आलेला प्रवाह ५० हर्ट्झचा असतो. प्रत्येक फेजमध्ये सुमारे १९ अँपिअर तिसरी हार्मोनिक होती. तिची तिप्पट म्हणजे ५७.

त्यातच केबल साडेतीन कोअरची होती: फेज २५ चौरस मिलिमीटर, न्यूट्रल १६. उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे प्रवाहामुळे ती दुप्पट आणि बारीक तारेमुळे आणखी दीडपट. म्हणजे एका फेजच्या तिप्पट उष्णता न्यूट्रलमध्ये निर्माण होत होती. ६३ अँपिअरचा तीन-पोल एमसीबी फक्त फेज पाहतो आणि फेज तर ४२ च्या पुढे गेलेच नव्हते. तो पडणार कसा?

आधी दुसऱ्या कोणीतरी काही यंत्रे एका फेजवरून दुसऱ्यावर हलवून लोड सारखा करून पाहिला होता. न्यूट्रल ५८ वरून ५७ वर आला. इथे दोष असमानतेचा नसतोच. पॉवर फॅक्टरचे कपॅसिटर लावूनही हा प्रवाह जात नाही. उलट अनुनाद झाला तर हार्मोनिक वाढतात.

आम्ही केबल बदलली आणि न्यूट्रल ५० चौरस मिलिमीटरचा टाकला. आता त्यात उष्णता एका फेजइतकीच होते. आयईसी ६०३६४-५-५२ या मानकाचाही रोख तोच आहे: फेजमधली तिसरी हार्मोनिक ३३ टक्क्यांच्या वर गेली की केबलचा आकार न्यूट्रलच्या प्रवाहावरून ठरवायचा. केबल बदलणे शक्य नसेल तर लोडजवळ झिगझॅग ट्रान्सफॉर्मर बसवता येतो. मात्र तो स्वतःच्या मागचा, म्हणजे पुरवठ्याकडचा न्यूट्रल हलका करतो. पुढच्या तारांना त्याचा उपयोग नाही.

एलईडी बसवले की न्यूट्रल तापणारच, असेही समजू नका. पॉवर फॅक्टर सुधारणा असलेल्या चांगल्या ड्रायव्हरमध्ये तिसरी हार्मोनिक कमी असते, आणि जुन्या दिव्यांपेक्षा एकूण प्रवाहही घटतो. स्वस्त, लहान ड्रायव्हर शेकड्याने लागले की त्रास सुरू होतो. खरेदीच्या वेळी माहितीपत्रकात ‘टीएचडी’चा, म्हणजे सगळ्या हार्मोनिकच्या एकूण प्रमाणाचा, आकडा जरूर पाहा.

तुमच्या इलेक्ट्रिशियनला गर्दीच्या वेळी, सगळी यंत्रे चालू असताना, न्यूट्रलचा प्रवाह मोजायला सांगा. मीटर ट्रू आरएमएस हवा, कारण साधा मीटर टोकदार फेज प्रवाह बराच कमी दाखवतो. न्यूट्रल लिंकचा रंग बदललेला असेल किंवा तारेचे आवरण तपकिरी, कडक झाले असेल, तर त्याच दिवशी कळवा. तापून सैल झालेला न्यूट्रल तुटला, तर २३० व्होल्टच्या उपकरणांवर व्होल्टेज असमान वाटले जाते आणि हलका लोड असलेल्या फेजवर ते ४०० च्या दिशेने चढते.

आणि एक विनंती: जळणे थांबावे म्हणून फक्त न्यूट्रलमध्ये फ्यूज किंवा एक-पोल एमसीबी घालू नका. तो उडाला की न्यूट्रल तुटल्यासारखीच अवस्था होते. न्यूट्रलला संरक्षण द्यायचेच असेल तर न्यूट्रलचाही प्रवाह पाहणारा आणि चारही पोल एकदम उघडणारा ब्रेकर लागतो.