दीडपट ऑड्स म्हणजे दीडपट धोका नव्हे: ॲडजस्टेड ऑड्स रेशो कसा वाचावा

लॉजिस्टिक रिग्रेशनच्या तक्त्यात ‘ॲडजस्टेड ऑड्स रेशो १.५’ असं दिसलं की चर्चेच्या भागात हमखास ‘धोका दीडपट वाढला’ असं वाक्य येतं. ऑड्स रेशो आणि रिस्क रेशो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निष्पत्ती दुर्मिळ असली तर दोघांत फारसं अंतर पडत नाही. पण रुग्णालयातल्या अभ्यासांत निष्पत्ती क्वचितच दुर्मिळ असते, कारण दाखल होतात तेच मुळात बिघडलेले रुग्ण.

हिशेब हाताने पडताळता यावा म्हणून सोयीचे आकडे बेतून एक उदाहरण घेऊ. सर्पदंशाचे ४०० रुग्ण दाखल झाले. त्यांपैकी २०० दंशानंतर सहा तासांच्या आत पोचले आणि २०० त्यानंतर. पाहायचं आहे ते मूत्रपिंडाला तीव्र इजा झाली का. उशिरा आलेल्यांत ती १०० जणांना झाली, लवकर आलेल्यांत ५० जणांना.

धोका म्हणजे एकूण रुग्णांपैकी किती जणांना इजा झाली ते प्रमाण: ५०% आणि २५%. म्हणून रिस्क रेशो २. ऑड्स म्हणजे इजा झालेले भागिले इजा न झालेले: उशिरा गटात १००/१०० म्हणजे १, लवकर गटात ५०/१५० म्हणजे ०.३३. म्हणून ऑड्स रेशो ३. रुग्ण तेच, तरी एक आकडा दुप्पट सांगतो आणि दुसरा तिप्पट. दोन्ही बरोबर आहेत. चूक होते ती ३ या आकड्यापुढे ‘धोका’ हा शब्द लिहिल्यावर.

हा झाला क्रूड म्हणजे काहीही लक्षात न घेता काढलेला ऑड्स रेशो. आता साप कोणता हे मॉडेलमध्ये घालू, कारण घोणशीचं विष मूत्रपिंडाला थेट इजा करू शकतं. समजा, उशिरा आलेल्यांत घोणशीचे रुग्ण जास्त होते:

| गट | उशिरा: इजा / एकूण | लवकर: इजा / एकूण |
|---|---|---|
| घोणस | ९० / १५० | ३० / ६० |
| इतर साप | १० / ५० | २० / १४० |

घोणशीच्या गटात उशिरा आलेल्यांचे ऑड्स ९०/६० म्हणजे १.५ आणि लवकर आलेल्यांचे ३०/३० म्हणजे १; रेशो १.५. इतर सापांच्या गटात १०/४० म्हणजे ०.२५ आणि २०/१२० म्हणजे ०.१६७; रेशो पुन्हा १.५. निकालाच्या तक्त्यात हाच ॲडजस्टेड ऑड्स रेशो म्हणून छापला जातो. त्याचा अर्थ असा: साप एकाच प्रकारचा असलेल्या दोन रुग्णांची तुलना केली, तर उशिरा आलेल्याचे ऑड्स लवकर आलेल्याच्या दीडपट. क्रूड ३ वरून आकडा १.५ वर आला, कारण उशिराच्या खात्यात जमा झालेला बराचसा भाग घोणशीचा होता.

आता याच तक्त्यात धोका मोजा. घोणशीच्या गटात ६०% विरुद्ध ५०%, म्हणजे रिस्क रेशो १.२. इतर सापांत २०% विरुद्ध १४.३%, म्हणजे १.४. ऑड्स रेशो दोन्हीकडे तोच असूनही धोक्यातली वाढ वेगवेगळी निघाली. मूळ धोका जितका जास्त, तितका ऑड्स रेशो रिस्क रेशोपासून दूर सरकतो. म्हणजे ‘धोका दीडपट’ हे वाक्य या ४०० रुग्णांतल्या कुठल्याच गटाला लागू पडत नाही.

ऑड्स रेशोवरून रिस्क रेशो काढायला एक सूत्र सर्रास वापरलं जातं: ऑड्स रेशो भागिले (१ − मूळ धोका + मूळ धोका × ऑड्स रेशो). घोणशीच्या गटात मूळ धोका ०.५ धरला तर १.५/१.२५ = १.२, अगदी बरोबर. गोची होते ती ॲडजस्टेड रेशो घेऊन त्याला क्रूड मूळ धोका, म्हणजे इथला २५%, जोडला की. उत्तर १.३३ येतं. खरं तर चारशेच्या चारशे रुग्ण उशिरा आले असते तर प्रत्येक गटातल्या धोक्यानुसार १६४ जणांना (४१%) इजा अपेक्षित होती, आणि सगळे लवकर आले असते तर १३२ जणांना (३३%). म्हणजे रेशो साधारण १.२४ आणि फरक शंभरामागे ८ रुग्णांचा. वॉर्डातल्या डॉक्टरला हा शंभरामागचा फरक ऑड्स रेशोपेक्षा जास्त उपयोगी पडतो. म्हणून मॉडेलमधून असे प्रमाणित धोके काढून द्यावेत, किंवा रोबस्ट स्टँडर्ड एररसह पॉइसाँ रिग्रेशन चालवून थेट ॲडजस्टेड रिस्क रेशो घ्यावा.

तक्त्यात १.५ शेजारी कॉन्फिडन्स इंटरव्हल असेल ०.९२ ते २.४५, पी-व्हॅल्यू ०.१०. क्रूड रेशोचा इंटरव्हल मात्र १.९६ ते ४.५८. इथे दोन टोकांच्या चुका होतात. कोणी सारांशात क्रूडचा ‘लक्षणीय’ निष्कर्ष ठेवतो आणि ॲडजस्टेडचा गाळतो. कोणी ‘उशिराचा परिणाम नाही’ असं ठोकून देतो. इंटरव्हलमध्ये १ आहे, तसाच जवळपास अडीचपटही आहे. म्हणून वाक्य असं लिहावं: ‘साप कोणता हे लक्षात घेतल्यावर उशिरा आलेल्यांत मूत्रपिंडाच्या इजेचे ऑड्स १.५ पट होते (९५% कॉन्फिडन्स इंटरव्हल ०.९२ ते २.४५), या माहितीवरून अजिबात वाढ नसण्याची किंवा मोठी वाढ असण्याची शक्यता नाकारता येत नाही.’ लांबलचक आहे, पण खरं आहे.

सॉफ्टवेअरमधून आकडा उचलतानाही घोळ होतो. एसपीएसएसमध्ये `B` या रकान्यात ०.४०५ असतं, तो रेशोचा लॉग. ऑड्स रेशो `Exp(B)` या रकान्यात मिळतो. शिवाय ‘कॅटेगॉरिकल’ म्हणून दिलेल्या व्हेरिएबलचा शेवटचा कोड तिथे आपोआप रेफरन्स धरला जातो. लवकर = ०, उशिरा = १ असं कोड केलं असेल तर रेफरन्स ‘उशिरा’ होतो आणि १.५ ऐवजी ०.६७ छापून येतं. तक्त्यात रेफरन्स गटापुढे १ लिहिलेला नसेल तर वाचणाऱ्याला हे कळायला मार्ग नाही.

वरचे सगळे धोके काढता आले, कारण इथे सर्पदंशाचे सगळे रुग्ण घेऊन पुढे कोणाला इजा होते ते पाहिलं. रुग्णालयातला केस-कंट्रोल अभ्यास असेल, म्हणजे इजा झालेले १०० आणि न झालेले १०० मुद्दाम निवडले असतील, तर ५०% हे प्रमाण संशोधकानेच ठरवलेलं असतं. त्यातून धोका किंवा रिस्क रेशो काढण्यात अर्थ नाही, आणि वरचं सूत्रही बाहेरून खात्रीचा मूळ धोका मिळाल्याशिवाय चालत नाही. तिथे ऑड्स रेशोच द्यावा आणि त्याला ऑड्स रेशोच म्हणावं.

एक गोष्ट मात्र कुठलंही ॲडजस्टमेंट सुधारत नाही. सहा तास उलटून गेल्यावर रुग्णालय गाठणाऱ्यांत त्रास वाढलेले जास्त असू शकतात. घरीच बरे झालेले किंवा वाटेत दगावलेले आपल्या ४०० मध्ये नाहीतच. तो १.५ दाखल झालेल्यांपुरता आहे, दंश झालेल्या सगळ्यांचा नव्हे.