एसआयपी आणि सरासरी खरेदी किंमत

सिस्टिमॅटिक इन्व्हेस्टमेंट प्लॅन म्हणजे एसआयपी. ही काही वेगळी स्कीम नाही, म्युच्युअल फंडात पैसे टाकायची ती फक्त एक पद्धत आहे. बँकेला एकदा मँडेट दिलं की ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम खात्यातून कापली जाते आणि त्या दिवशीच्या एनएव्हीने, म्हणजे एका युनिटच्या भावाने, जेवढी बसतील तेवढी युनिट्स मिळतात. "मी एसआयपीत पैसे टाकलेत" असं सगळेच म्हणतात, पण पैसे असतात फंडात, आणि फंड रद्दी निघाला तर तुम्ही दर महिन्याला शिस्तीत रद्दीच गोळा करत असता.

रक्कम ठरलेली असते, युनिट्स नाही, आणि सगळी गंमत त्यातच आहे. समजा दरमहा १००० रुपये जातायत आणि पाच महिन्यांत एनएव्ही होती ५०, ४०, २५, ४०, ५०. तर युनिट्स मिळाली २०, २५, ४०, २५, २०, म्हणजे एकूण १३०. पाच भावांची साधी सरासरी येते ४१, पण आपल्याला एक युनिट पडलं ५००० भागिले १३०, म्हणजे ३८.४६ रुपयांना. कारण भाव पडला की तेवढ्याच पैशात जास्त युनिट्स येतात, चढला की कमी, त्यामुळे हिशेबात स्वस्त खरेदीचं वजन आपोआप वाढतं. गणितात याला हरात्मक मध्य म्हणतात आणि भाव वरखाली होत असेल तर तो साध्या सरासरीच्या खालीच असतो, त्यात बाजाराची काही मेहरबानी नाही.

आता याच उदाहरणात तिसऱ्या महिन्यात, भाव निम्मा झाल्यावर, घाबरून तेवढाच हप्ता चुकवला असं धरा. युनिट्स राहिली ९०, घातले ४०००, शेवटी ५० च्या भावाने झाले ४५००, म्हणजे फायदा ५००. हप्ता चालू ठेवला असता तर १३० युनिट्सचे ६५०० आणि फायदा १५००. एका हप्त्याने दोन तृतीयांश नफा आणला, आणि लोक एसआयपी थांबवतात ती नेमकी तेव्हाच.

पण मग एसआयपीत तोटा होतच नाही का? होतो की. तेच पाच भाव वेगळ्या क्रमाने लावून बघा: ४०, ५०, ५०, ४०, २५. युनिट्स पुन्हा १३०, सरासरी पुन्हा ३८.४६, सगळं तंतोतंत तेच, पण शेवटचा भाव २५ असल्याने हातात ३२५० रुपये. ५००० घातले, १७५० गेले. सरासरीला भावांच्या क्रमाशी काही देणंघेणं नसतं, निकाल मात्र विकायच्या दिवशीच्या भावावर ठरतो, आणि त्या भावावर या पद्धतीचा काडीचाही ताबा नाही.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही, एसआयपी जितकी जुनी तितका नव्या हप्त्याचा जोर कमी. दोनच हप्ते झालेत, दोन्ही ४० च्या भावाने, आणि तिसरा २० ला बसला तर सरासरी ४० वरून थेट ३० वर येते. पण तेच १२० हप्ते होऊन ३००० युनिट्स जमलीत, सरासरी ४० आहे आणि मग एनएव्ही २० झाली, तर तो १२१ वा हप्ता ५० युनिट्स आणतो आणि सरासरी होते ३९.६७. अवघे ३३ पैसे! इकडे १ लाख २१ हजार घातलेले आणि किंमत उरलेली ६१ हजार. म्हणजे दहा वर्षांनंतर तुम्ही जवळजवळ एकरकमी गुंतवणूकदारच असता, आणि "बाजार पडला तर बरंच, स्वस्त मिळेल" हे वाक्य पहिल्या वर्षी खरं असतं तेवढं तेव्हा नसतं.

एकरकमी पैसे हातात असतील तर गणित अजून वेगळं. भाव २०, २५, ३०, ४०, ५० असा सरळ चढत गेला तर हप्त्यांनी साधारण १६८ युनिट्स येतात, पहिल्याच दिवशी सगळे ५००० टाकले असते तर २५० आली असती. अर्थात पगारातून दरमहा टाकणाऱ्याकडे ते ५००० पहिल्या दिवशी नसतातच, त्यामुळे त्याच्यासाठी ही तुलना तशी फोल आहे.

पैसे काढताना तर हीच चाल उलटी फिरते. दरमहा ठरलेली रक्कम काढायची सोय, म्हणजे एसडब्ल्यूपी, लावली की १००० रुपयांसाठी ५० च्या भावाने २० युनिट्स विकावी लागतात आणि २५ च्या भावाने ४०. खरेदीत जी घसरण कामी आली तीच इथे युनिट्स दुप्पट वेगाने संपवते. म्हणून पैसे लागायच्या दोन-तीन वर्षं आधीपासून थोडे थोडे डेट फंडात किंवा एफडीत हलवतात, आणि ते काम एसआयपी आपणहून करत नाही, वेगळं सांगावं लागतं.